ईच, एव्हरी, ऑल, बोथ : चौकट पाठ, तरी क्रियापद का चुकतं?

सातवी-आठवीच्या इंग्रजीच्या वह्यांमध्ये एक चौकट हमखास सापडते. डाव्या बाजूला ईच, एव्हरी, ईदर, नीदर आणि त्यांच्यासमोर 'क्रियापद एकवचनी'. उजव्या बाजूला ऑल, बोथ आणि त्यांच्यासमोर 'क्रियापद अनेकवचनी'. भोवती लाल पेनाची रेघ, खाली 'पाठ करणे'. पालक घरी तीच चौकट म्हणून घेतात. मूल ती घडाघडा म्हणूनही दाखवतं. आणि निबंध लिहायला बसलं की तेच मूल बिनदिक्कत लिहून जातं, 'ईच स्टुडंट हॅव टू नोटबुक्स'.

मग आपण म्हणतो, पाठांतर कच्चं आहे. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की या चौकटीत दोन दोष आहेत. पहिला म्हणजे ती अर्धीच खरी आहे, त्यामुळे ती नीट पाठ करणाऱ्या मुलालाच काही ठिकाणी चुकायला लावते. दुसरा दोष जास्त मोठा. मराठी बोलणारं मूल कुठे आणि का अडखळतं, याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्या मुलाच्या हातात एक चांगलं साधन आधीपासून असतं, त्याची स्वतःची मराठी. ते साधन आपण इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर ठेवतो.

हे नुसतं मत म्हणून न मांडता एक उतारा घेऊन बघू या. समजा, 'माझा वर्ग' या विषयावर सातवीतल्या मुलाने ही पाच वाक्यं लिहिली :

1. 'इन अवर क्लास ईच स्टुडंट हॅव टू नोटबुक्स.'
2. 'ईच ऑफ द नोटबुक्स हॅव अ ब्राउन कव्हर.'
3. 'ऑल द होमवर्क आर इन द सेकंड नोटबुक.'
4. 'माय सिस्टर अँड आय ईच हॅज अ ब्लू बॅग.'
5. 'बोथ ऑफ अस डज नॉट लाइक मिल्क.'

पाचही वाक्यांत क्रियापद चुकलेलं आहे. आपण पाच गोल करतो आणि शेजारी लिहितो, 'नियम पाठ कर'. पण नीट पाहिलं तर या पाच चुका एका जातीच्या नाहीत. पहिली आणि पाचवी मराठीतून आलेली आहे. दुसरी चूक इंग्रजी मातृभाषा असणारेही करतात. आणि तिसरी-चौथी? त्या तर नियम पाठ केल्यामुळेच झाल्या आहेत! त्या मुलाला पुन्हा तीच चौकट पाठ करायला लावणं म्हणजे ज्या औषधाने पोट बिघडलं त्याचाच आणखी एक डोस देणं.

आता एकेक वाक्य घेऊ.

'आहेत' म्हणून 'हॅव'

पहिलं वाक्य मराठीत म्हणून बघा : 'प्रत्येक विद्यार्थ्याकडे दोन वह्या आहेत.' इथे 'आहेत' कोणाप्रमाणे बदललं? विद्यार्थ्याप्रमाणे नाही, वह्यांप्रमाणे. एकच वही असती तर आपण म्हटलं असतं, 'प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक वही आहे.' म्हणजे मराठीत वस्तू ज्याच्याकडे आहे तो माणूस क्रियापदावर काही अधिकार गाजवत नाही. 'कडे' किंवा 'ला' हा प्रत्यय लागला की तो बाजूला होतो आणि क्रियापद वस्तूच्या मागे जातं. 'तिला एक भाऊ आहे', 'तिला दोन बहिणी आहेत'. ती एकटीच आहे, पण बहिणी दोन असल्यामुळे 'आहेत'.

इंग्रजीत नेमकं उलटं. तिथे 'हॅव'चा मालक माणूस असतो. वह्या दोन असोत की दोनशे, क्रियापद त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. स्टुडंट एक, म्हणून 'हॅज'. आपलं मूल मनातल्या मनात 'आहेत' ऐकतं आणि कागदावर 'हॅव' उतरवतं. त्याला 'ईच' एकवचनी आहे हे माहीत नसतं असं नाही. क्रियापद ठरवताना ते 'ईच'कडे बघतच नाही, नोटबुक्सकडे बघतं.

हे मी म्हणतो ते खरं की खोटं, हे वर्गात दोन मिनिटांत कळतं. फळ्यावर दोन वाक्यं लिहायची : 'ईच स्टुडंट ____ वन पेन' आणि 'ईच स्टुडंट ____ टू पेन्स'. जे मूल पहिल्यात 'हॅज' आणि दुसऱ्यात 'हॅव' लिहितं, त्याची चूक मराठीतून आलेली आहे. नियम माहीत नसता तर दोन्हीकडे सारखंच चुकलं असतं. या मुलाला चौकट दाखवून उपयोग नाही. त्याला एकच वाक्य सांगायचं : 'मराठीत वह्या मोजतात, इंग्रजीत मालक मोजतात.' माझ्या मते सातवीच्या मुलाला इतकं पुरतं. कर्तरी-कर्मणी प्रयोगाची नावं घ्यायची गरज नाही.

पाचव्या वाक्यातही हाच प्रकार आहे. 'आम्हां दोघांनाही दूध आवडत नाही.' मराठीत 'आवडत नाही' हे दुधाप्रमाणे एकवचनी आहे. पेरू असते तर 'आवडत नाहीत' झालं असतं. मुलाने दुधाचं एकवचन तसंच्या तसं इंग्रजीत नेलं आणि 'डज नॉट लाइक' लिहिलं. इंग्रजीत आवडण्याचा कर्ता माणूस, 'बोथ' म्हणजे दोघं, म्हणून 'डू' हवं. पण 'बोथ'च्या या वाक्यात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

मध्ये घुसलेलं अनेकवचन

दुसरं वाक्य बघा : 'ईच ऑफ द नोटबुक्स हॅव अ ब्राउन कव्हर.' इथे मराठीचा दोष नाही. 'वह्यांपैकी प्रत्येक वहीला तपकिरी कव्हर आहे', मराठीतही एकवचनच. मग चूक कुठून आली?

शब्दांच्या क्रमातून. मराठीत 'पैकी'चा भाग आधी येऊन जातो आणि क्रियापद शेवटी येतं : 'मुलांपैकी प्रत्येक जण खेळतो.' 'प्रत्येक जण' आणि 'खेळतो' अगदी शेजारी शेजारी, मध्ये कोणी नाही. चुकायला जागाच नाही. इंग्रजीत 'ईच' पहिल्यांदा येतं, मग 'ऑफ द बॉइज', आणि त्यानंतर क्रियापद. म्हणजे क्रियापद लिहायच्या क्षणी मुलाच्या डोळ्यासमोर आणि कानात ताजा शब्द असतो 'बॉइज', अनेकवचनी. खरा कर्ता 'ईच' तीन शब्द मागे राहिलेला असतो. जवळचा ओरडतो, लांबचा ऐकू येत नाही.

ही चूक फक्त आपल्या मुलांची नाही. कॅथरीन बॉक आणि कॅरॉल मिलर या दोन संशोधकांनी 1991 साली इंग्रजी भाषकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. वाक्याचा सुरुवातीचा भाग सांगायचा आणि पुढचं वाक्य पूर्ण करायला लावायचं, असं त्याचं स्वरूप होतं. एकवचनी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये अनेकवचनी नाम आलं की इंग्रजी मातृभाषा असलेली मोठी माणसंसुद्धा अनेकवचनी क्रियापदाकडे घसरतात, असं त्यात दिसलं. तेव्हा सातवीतलं मूल इथे चुकलं तर 'लक्ष कुठे होतं?' असं रागावण्यात अर्थ नाही. लक्ष होतं, पण ते शेजारच्या शब्दावर होतं.

याचीही जोडी फळ्यावर लिहा : 'ईच नोटबुक ____ न्यू' आणि 'ईच ऑफ द नोटबुक्स ____ न्यू'. पहिलं बरोबर आणि दुसरं चूक, तर कारण मधलं नाम. उपाय अगदी साधा. 'ऑफ'पासून क्रियापदाच्या आधीपर्यंतचा भाग बोटाने झाकायचा आणि उरलेलं वाचायचं : 'ईच … इज न्यू'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'लाही हीच युक्ती चालते. 'वन … लिव्ह्ज इन पुणे', 'लिव्ह' नाही.

'एव्हरी'ला मात्र 'ऑफ' थेट जोडताच येत नाही. 'एव्हरी ऑफ द बॉइज' असं इंग्रजीत नसतंच. 'एव्हरी बॉय' म्हणायचं, नाहीतर मध्ये 'वन' घालून 'एव्हरी वन ऑफ द बॉइज'. या शब्दाची उत्पत्ती मुलांना सांगण्यासारखी आहे : जुन्या इंग्रजीतल्या 'एव्हर' आणि 'ईच' यांच्या पूर्वजांची जोडी म्हणजे 'एव्हरी'. म्हणजे 'एव्हरी'च्या पोटात 'ईच' बसलेलाच आहे, त्यामुळे त्याचंही क्रियापद एकवचनी. 'एव्हरी बॉय अँड एव्हरी गर्ल हॅज अ बॅज' यात मुलगा आला, मुलगी आली, दोघं झाली, तरी 'हॅज'च. कारण आपण त्यांची बेरीज करत नाही, एकेकाला समोर उभं करतो.

'ऑल' म्हणजे नेहमी अनेक नाही

आता तिसरं वाक्य : 'ऑल द होमवर्क आर…' हे लिहिणाऱ्या मुलाने चौकट तंतोतंत पाळली आहे. ऑल आलं, अनेकवचन लावलं. चुकली ती चौकट.

'ऑल'ला स्वतःचं वचन नाही. ते मागून येणाऱ्या नामाचं वचन घेतं. मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर अनेकवचन : 'ऑल द बॉइज आर हिअर'. मोजता न येणारा पदार्थ किंवा गोष्ट असेल तर एकवचन : 'ऑल द मिल्क इज गॉन', 'ऑल द होमवर्क इज डन', 'ऑल माय मनी इज इन द बँक'. 'ऑल ऑफ द मिल्क', 'ऑल ऑफ द बॉइज' म्हटलं तरी तेच. म्हणजे मघाशी 'ईच ऑफ'मध्ये आपण 'ऑफ'पुढचं नाम झाकलं होतं, 'ऑल ऑफ'मध्ये मात्र त्याच नामाकडे बघायचं. चौकटीत हा फरक कुठेच नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

आणि इथेच मराठी किती कामाला येते ते बघा. आपला 'सगळा' हा शब्द नामाप्रमाणे बदलतो : सगळा वेळ गेला, सगळं दूध सांडलं, सगळी साखर संपली, सगळे मुलगे आले, सगळी मुलं आली. 'सगळं दूध सांडलं' म्हणणारं मूल कधीही 'सगळं दूध सांडली' म्हणणार नाही. नामाप्रमाणे वचन ठेवायचं हे त्याला बालवाडीपासून येतं. आपण फक्त एवढंच विचारायचं : 'तू मराठीत सगळं म्हणशील की सगळे?' 'होमवर्क'साठी ते म्हणेल 'सगळा गृहपाठ झाला'. झालं, एकवचन. 'इज' लिही.

एकच खबरदारी घ्यावी लागते. काही नामं मराठीत मोजली जातात आणि इंग्रजीत नाहीत. फर्निचर हे त्याचं ओळखीचं उदाहरण. 'सगळ्या खुर्च्या-टेबलं नवीन आहेत' असं आपण म्हणू, पण इंग्रजीत 'ऑल द फर्निचर इज न्यू'. केसांचंही तसंच. 'सगळे केस पिकले' हे आपलं अनेकवचन, पण डोक्यावरच्या सगळ्या केसांना इंग्रजीत 'हेअर' हे एकवचनच. अशी आठ-दहा नामं वेगळी लिहून ठेवली की पुरे. या मर्यादेसह मराठीची कसोटी चौकटीपेक्षा कितीतरी खात्रीची आहे.

'ईच' कुठे उभं आहे?

चौथ्या वाक्याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे बरोबर लिहिणाऱ्या मुलाचे गुण जाऊ शकतात. 'माय सिस्टर अँड आय ईच हॅज अ ब्लू बॅग' हे चूक आहे. बरोबर वाक्य : 'माय सिस्टर अँड आय ईच हॅव अ ब्लू बॅग.' हो, 'ईच'नंतर 'हॅव'.

कारण या वाक्यात 'ईच' कर्ता नाही. कर्ता आहे 'माय सिस्टर अँड आय', म्हणजे आम्ही दोघं, अनेकवचन. 'ईच' नंतर येऊन फक्त एवढंच सांगतं की बॅगा वाटून एकेकाला एकेक आहे. मराठीत आपण हे काम द्विरुक्तीने करतो : 'आम्हां दोघांकडे एकेक निळी बॅग आहे.' हा 'एकेक' म्हणजेच तो नंतर येणारा 'ईच'. म्हणून 'दे ईच हॅव', 'वी ईच नीड', 'द बॉइज ईच हॅव'. आणि तेच 'ईच' वाक्याच्या सुरुवातीला येऊन खुर्चीवर बसलं की 'ईच ऑफ अस हॅज', 'ईच ऑफ द बॉइज हॅज'.

'ईच दिसला की एकवचन' अशी उत्तरपत्रिका तपासायची सवय लागली तर 'दे ईच हॅव' हे शुद्ध इंग्रजी लाल शाईत बुडतं. ज्या मुलाने गोष्टींची पुस्तकं वाचून, कानाने ऐकून हे बरोबर उचललं आहे, त्याचाच गुण कापला जातो. पुढच्या वेळी ते मूल कानावर विश्वास ठेवत नाही, चौकटीवर ठेवतं. एका गुणापेक्षा हे नुकसान मोठं आहे असं मला वाटतं. पालकांनाही सांगेन, मुलाच्या वहीत असं वाक्य कापलेलं दिसलं तर रागावण्याआधी 'ईच' कुठे उभं आहे ते बघा. कर्त्याच्या आधी असेल तर एकवचन. कर्त्याच्या नंतर असेल तर कर्ता जे म्हणेल ते.

'ऑल' आणि 'बोथ'ही असे नंतर येऊन उभे राहतात : 'द बॉइज ऑल नो हिम', 'दे बोथ नो हिम'. तिथे अडचण येत नाही, कारण दोन्हीकडे अनेकवचनच असतं.

'दोघंही नाही' आणि 'नीदर'

आता पाचव्या वाक्याकडे परत. क्रियापद सुधारून 'बोथ ऑफ अस डू नॉट लाइक मिल्क' केलं तरी वाक्य इंग्रजीत स्वाभाविक वाटत नाही, आणि कधीकधी त्याचा अर्थही डळमळतो. 'बोथ आन्सर्स आर नॉट करेक्ट' हे वाक्य घ्या. वाचणारा विचारात पडतो : दोन्ही चूक, की दोन्ही काही बरोबर नाहीत, त्यांतलं एकच बरोबर? मराठीत 'दोन्ही उत्तरं बरोबर नाहीत' म्हटलं की बहुधा आपण दोन्ही चूक असंच समजतो. इंग्रजीत मात्र दोघांना एकदम नकार द्यायला स्वतंत्र शब्द आहे, तो म्हणजे 'नीदर'.

आपल्याकडे त्याला एका शब्दाचा पर्याय नाही. 'दोघांपैकी कोणीही नाही', 'दोन्हींपैकी एकही नाही' असं फोडून म्हणावं लागतं. म्हणून मुलं 'नीदर' वापरायचं टाळतात आणि 'बोथ … नॉट'वर भागवतात. पण हाच फोडलेला मराठी अर्थ क्रियापद सांगून टाकतो. 'दोघांपैकी एकही आला नाही', यात 'आला' एकवचनी. 'नीदर ऑफ देम हॅज कम.' 'ईदर'चंही तसंच : 'दोन्हींपैकी कुठलंही पेन चालेल', 'ईदर पेन इज फाइन'. 'नीदर'मध्ये नकार आधीच आहे, तेव्हा त्यात पुन्हा 'नॉट' घालायचं नाही, हे मात्र सांगावं लागतं, कारण मराठीत 'एकही' आणि 'नाही' दोन्ही लागतात.

'नीदर … नॉर' आणि 'ईदर … ऑर' या जोड्या आल्या की क्रियापद आपल्या सर्वांत जवळच्या कर्त्याचं ऐकतं. 'नीदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर देअर', पण 'नीदर द स्टुडंट्स नॉर द टीचर वॉज देअर'. हे मुलांना विचित्र वाटतं, पण मराठीतही 'किंवा' असंच वागतं. 'पेन किंवा वही हरवली असेल', 'वही किंवा पेन हरवलं असेल'. शेवटचं नाम जसं, तसं क्रियापद. हे उदाहरण दिलं की नियम वेगळा सांगावा लागत नाही. लिहिताना अनेकवचनी नाम दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं की वाक्य कानालाही बरं लागतं.

जिथे दोन्ही चालतं तिथे काय करायचं?

एक जागा अशी आहे जिथे तपासणाऱ्याने थोडं सैल व्हायला हवं. 'नीदर ऑफ द आन्सर्स इज करेक्ट' हे लेखी, औपचारिक इंग्रजी. पण बोलताना इंग्रज माणूस 'नीदर ऑफ द आन्सर्स आर करेक्ट' सहज म्हणतो. 'ईदर ऑफ'चंही तसंच. मायकल स्वॉन यांच्या 'प्रॅक्टिकल इंग्लिश युसेज'सारख्या पुस्तकात बोली इंग्रजीतल्या या अनेकवचनाची नोंद आहे. आपण ज्याच्यावर वाढलो त्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात मात्र सरळ एकवचन सांगितलेलं आहे. मुलगा घरी चित्रपट बघतो, त्यात 'आर' ऐकतो, वर्गात येऊन 'आर' लिहितो आणि आपण त्याला शून्य देतो. मग भाषा खरी कोणाची, हा प्रश्न त्याला पडला तर नवल नाही.

माझं मत असं : लेखी परीक्षेत एकवचनच शिकवावं, कारण ते कुठेही चूक ठरत नाही. तोंडी परीक्षेत किंवा गप्पांत मुलाने 'आर' म्हटलं तर मध्येच थांबवू नये. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने एक किंवा दोन गुणांच्या गाळलेल्या जागेसाठी हे वाक्य निवडूच नये. 'नीदर आन्सर ____ करेक्ट' असा प्रश्न द्यावा, तिथे 'ऑफ' नाही, अनेकवचनी नाम नाही आणि वादही नाही. नियम तपासला जातो आणि कोणावर अन्यायही होत नाही.

दोन आक्षेप

हे सगळं वाचून काही शिक्षक म्हणतील, 'आधीच इंग्रजी जड, त्यात मराठी व्याकरण कुठे घालता? चौकट निदान सोपी तरी आहे.' चौकट सोपी आहे हे खरं. पण ती शिकवायला सोपी आहे, वापरायला नाही. वापरताना मुलाला सहा शब्द, त्यांचे दोन गट, 'ऑफ' आहे की नाही आणि नाम मोजता येतं की नाही, हे सगळं लागतं, आणि चौकट त्यातलं पहिलंच देते. उलट 'मराठीत कसं म्हणशील?' हा प्रश्न विचारायला एक शब्दही पाठ करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : 'मराठीतून विचार करायला लावलं तर मुलं भाषांतरच करत राहतील, आणि पहिल्या वाक्यातली चूक तर मराठीमुळेच झाली ना?' हो, झाली. पण ती मूल गुपचूप मराठीतून विचार करत होतं म्हणून झाली. आपण मनाई केली तरी ते मनात मराठीच वापरणार. मग ती उघड्यावर आणून, कुठे ती साथ देते ('सगळं दूध', 'एकही आला नाही', 'वही किंवा पेन') आणि कुठे दगा देते ('दोन वह्या आहेत', 'दूध आवडत नाही') हे दाखवून दिलेलं काय वाईट? दगा देणाऱ्या जागा फार नाहीत. जिथे मराठीत माणसाला 'कडे', 'ला' किंवा 'ना' लागतं, तिथे सावध, इतकंच.

ज्यांना करून बघायचं असेल त्यांच्यासाठी चार जोड्या एकत्र देतो. आठ वाक्यं, दहा मिनिटं, चौकट न दाखवता :

- 'ईच स्टुडंट ____ वन पेन' / 'ईच स्टुडंट ____ टू पेन्स' (हॅज की हॅव)
- 'ईच नोटबुक ____ न्यू' / 'ईच ऑफ द नोटबुक्स ____ न्यू' (इज की आर)
- 'ऑल द बॉइज ____ हिअर' / 'ऑल द मिल्क ____ हिअर' (इज की आर)
- 'ईच ऑफ अस ____ अ बॅग' / 'वी ईच ____ अ बॅग' (हॅज की हॅव)

उत्तरं अशी : पहिल्या जोडीत दोन्हीकडे 'हॅज', दुसऱ्या जोडीत दोन्हीकडे 'इज', तिसरीत 'आर' आणि 'इज', चौथीत 'हॅज' आणि 'हॅव'. गुण देऊ नका. फक्त कोणती जोडी फुटली ते बघा. पहिली फुटली तर मालक आणि वह्या यांची गोष्ट सांगा. दुसरी फुटली तर बोटाने झाकायला शिकवा. तिसरी फुटली तर 'सगळं की सगळे' विचारा. चौथी फुटली तर 'ईच' कर्त्याच्या आधी आहे की नंतर ते दाखवा. एकाच वर्गात चार प्रकारची मुलं निघतील, आणि एकाच चौकटीने त्या चौघांनाही बरं करता आलं नसतं, हे त्या आठ वाक्यांतच समोर येईल.